प्राथमिक शाळेतील नजर तपासणी आणि हात धुणे : निकाल इतका चांगला कसा आला?

शुश्रूषा_नागपूर
नमस्कार. मी नागपुरातील एका परिचर्या महाविद्यालयात सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवते. आमच्या विद्यार्थिनी सध्या उत्तर नागपुरातील एका प्राथमिक शाळेत शालेय आरोग्याचा उपक्रम राबवत असून त्यात पहिली ते चौथीच्या मुलांची नजर तपासणी आणि हात धुण्याचे शिक्षण या दोन गोष्टी आहेत. नजर तपासणीसाठी आम्ही ई-चार्ट, म्हणजे चार दिशांना वळलेल्या इंग्रजी ‘ई’ अक्षरांचा तक्ता वापरतो; मूल ‘ई’ची दिशा बोटांनी दाखवते. ६/९ म्हणजे निरोगी डोळ्याला नऊ मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरून वाचणे. ज्या मुलाला कोणत्याही एका डोळ्याने ही ६/९ ची ओळ वाचता येत नाही त्याला पुढील तपासणीसाठी पाठवतो.

माझी अडचण अशी की निकाल फारच चांगला आला आहे. जवळजवळ सगळी मुले उत्तीर्ण झाली. मात्र तिसरीच्या वर्गशिक्षिकांनी एका मुलीकडे बोट दाखवून सांगितले की ही फळ्यावरचे न पाहता शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. ती मुलगीही आमच्या यादीत उत्तीर्ण आहे. दुसरीकडे हात धुण्याचे प्रात्यक्षिक मुलांनी उत्तम करून दाखवले, परंतु पोषण आहाराच्या वेळी साबणाला कोणी हात लावताना दिसत नाही. दोन्हीकडे कागदावर यश आहे आणि प्रत्यक्षात शंका आहे. तपासणी पुन्हा करावी का, आणि करायची तर कोणाची?

विदर्भ_वाचक
हे काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून करतेच आहे. शाळेत वर्षातून एकदा पथक येते, त्यात डॉक्टर असतात, औषधनिर्माता असतो, परिचारिका असते. मग विद्यार्थिनींनी तेच पुन्हा कशासाठी करायचे? मुलांचा एक तास वाया जातो आणि पालकांच्या हातात दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या पडतात.

गुरुजी_कामठी
मी कामठी तालुक्यातील शाळेत मुख्याध्यापक आहे. वरील मुद्द्यात तथ्य आहे, पण पथकाला एका दिवसात दात, त्वचा, वजन, उंची, हृदय असे सगळेच पाहायचे असते. नजरेसाठी एका मुलामागे किती वेळ उरतो हे मी माझ्या ओट्यावरून पाहिलेले आहे. शिवाय त्या दिवशी जो गैरहजर असतो तो पुढच्या वर्षीच सापडतो. त्यामुळे ताईंनी हे काम करावे, फक्त चिठ्ठी एकच असावी आणि पथकाच्या नोंदवहीशी ती जुळावी.

चष्मेवाला_धरमपेठ
मी ऑप्टोमेट्रिस्ट असून शाळांच्या तपासण्या बरीच वर्षे केल्या आहेत. निकाल फार चांगला आला की मी मुलांच्या डोळ्यांआधी जमिनीकडे पाहतो. कृपया तीन गोष्टी कळवा. तक्त्यापासून मूल जिथे उभे राहते ते अंतर टेपने मोजले होते का? ६/९ च्या ओळीतील एका ‘ई’ची उंची किती मिलिमीटर आहे? आणि दुसरा डोळा झाकण्यासाठी काय वापरले?

आई_मनीषनगर
माझा मुलगा आठवीत आहे आणि त्याचा नंबर उणे तीन झाला आहे. तो दिवसभर मोबाइल पाहतो. त्याच्यासाठी गाजराचा रस सुरू करावा की डोळ्यांचे व्यायाम?

चष्मेवाला_धरमपेठ
मनीषनगरच्या ताई, हा धागा लहान मुलांच्या शाळेतील तपासणीचा आहे, तरी थोडक्यात सांगतो. गाजरातून मिळणारे अ जीवनसत्त्व डोळ्यांना लागतेच, पण उणे नंबर त्याने उतरत नाही. उणे नंबर वाढतो तो बहुधा नेत्रगोल लांब होत गेल्यामुळे, आणि ती लांबी रसाने किंवा व्यायामाने कमी होत नाही. मुलाला रोज घराबाहेर उजेडात खेळू द्या, नंबर नियमित तपासून घ्या आणि पूर्ण नंबरचा चष्मा वापरू द्या.

शुश्रूषा_नागपूर
सर, आज शाळेत जाऊन मोजले. ६/९ च्या ओळीतील ‘ई’ १३ मिलिमीटर उंच आहे. अंतर मात्र १५ फूट निघाले. वर्गात पांढऱ्या रंगाची रेघ आधीपासूनच मारलेली होती, पूर्वीच्या कुठल्या तरी शिबिराच्या वेळची असावी, आणि शाळेने सांगितले की तपासणीची रेघ तीच. वर्गाच्या मागच्या भिंतीला लोखंडी कपाट असल्यामुळे त्याहून मागे जागाही नाही. दुसरा डोळा मुलांनी स्वतःच्या तळहाताने झाकला होता.

चष्मेवाला_धरमपेठ
तक्ता बरोबर आहे. ६/६ चे अक्षर सुमारे पावणेनऊ मिलिमीटरचे असते, त्याच्या दीडपट म्हणजे १३. बऱ्याच जागी संगणकावरून छापताना पान लहान होते, अक्षरे बारीक होतात आणि चांगली नजर असलेली मुले नापास ठरतात. तुमच्याकडे तसे झालेले नाही.

अंतर मात्र चुकले आहे. तक्ता २० फुटांसाठी म्हणजे सहा मीटरसाठी बनवलेला आहे. तेच अक्षर १५ फुटांवरून पाहिले की डोळ्याला ते मोठे दिसते, आणि हिशेब साधा आहे : नऊला वीसने गुणून पंधराने भागले की बारा येतात. म्हणजे तुम्ही ६/९ ची परीक्षा घेतली असे लिहिले असले, तरी प्रत्यक्षात ६/१२ ची घेतली आणि ज्यांची नजर ६/१२ आहे ती सगळी मुले उत्तीर्ण झाली.

त्यामुळे पुन्हा कोणाची तपासणी करायची याचे उत्तर यातूनच मिळते. जी मुले १५ फुटांवरून नापास झाली ती २० फुटांवरूनही होणारच, त्यांना थेट पुढे पाठवा. उत्तीर्ण झालेल्यांना पुन्हा उभे करावे लागेल. वर्गात जागा नसेल तर व्हरांड्यात करा, पण तक्त्याच्या मागे उघडे आकाश येणार नाही आणि तक्त्यावर ऊन चमकणार नाही हे पाहा. किंवा तीन मीटरसाठी बनवलेला वेगळा तक्ता आणा. सहा मीटरचा तक्ता तीन मीटरवर लावून निम्मे धरू, असे तोंडी हिशेब विद्यार्थिनींवर सोपवू नका.

सेवानिवृत्त_शिक्षक
माझ्या अनुभवानुसार मुले ओळ पाठ करतात. रांगेत मागे उभे राहून पुढच्याची बोटे कुठे वळतात हे पाहतात आणि आपली पाळी आली की तसेच करतात. उजवा डोळा आधी तपासला तर डाव्याच्या वेळी उत्तर तोंडपाठ असते. म्हणून रांग दाराबाहेर ठेवावी. आणि डोळा तळहाताने घट्ट दाबून धरायला सांगावे, म्हणजे चोरून पाहता येणार नाही.

चष्मेवाला_धरमपेठ
सर, पाठांतराचे तुम्ही अगदी बरोबर सांगितलेत. त्यावर उपाय म्हणून एकच ‘ई’ असलेले कार्ड मिळते, ते प्रत्येक वेळी पाठीमागे नेऊन फिरवायचे. दिशा चारच असल्यामुळे एक उत्तर अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चारात एक असते, परंतु सलग चार उत्तरे अंदाजाने बरोबर येणे हे २५६ वेळांत एकदा घडते. म्हणून एका उत्तरावर कोणालाही उत्तीर्ण करू नये.

घट्ट दाबण्याबद्दल मात्र मी असहमत आहे. दाबलेला डोळा थोडा वेळ धूसर पाहतो आणि नंतर त्याच डोळ्याची पाळी आली की मूल विनाकारण नापास होते. न दाबता तळहात ठेवला तर बोटांच्या फटीतून किंवा नाकाच्या बाजूने दिसते. दोन्हीकडून तोटाच.

पीएचएन_अजनी
मी सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून निवृत्त झाले. आम्ही प्रत्येक मुलाला त्याची स्वतःची वही डोळ्यासमोर धरायला सांगत असू. वही डोळ्याला चिकटत नाही, दाब पडत नाही आणि एकाची वस्तू दुसऱ्याकडे जात नाही. एक विद्यार्थिनी मुलाच्या बाजूला उभी राहून फक्त वही आणि मान पाहते, तक्त्याकडे तिने बघायचेच नाही. मान वळली की मूल दुसऱ्या डोळ्याने पाहते आहे असे समजायचे. ओरडायचे नाही, मान सरळ करून कार्ड पुन्हा दाखवायचे.

आणि ताई, तुमचे दोन विषय इथेच एकत्र येतात. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ आली होती, ती आठवा. मैदानातून आलेले मूल मातीचा हात डोळ्यावर ठेवते आणि डोळा झाकायचा एकच प्लॅस्टिकचा चमचा शंभर डोळ्यांवरून फिरतो. तपासणीच्या दिवशी आधी हात धुणे, मग नजर, असा क्रम ठेवावा. ज्याचा डोळा लाल आहे किंवा चिकटतो आहे त्याची नजर त्या दिवशी तपासूच नये.

शुश्रूषा_नागपूर
सर्वांचे आभार. व्हरांड्यात २० फूट मोजून, वही धरून आणि कार्ड फिरवून तिसरीचा वर्ग पुन्हा तपासला. त्या मुलीचा उजवा डोळा ६/९ ची ओळ सहज वाचतो. डाव्या डोळ्याने ती ६/२४ पर्यंतच वाचू शकली. वही उजव्या डोळ्यावर आल्याबरोबर तिने मान डावीकडे वळवायला सुरुवात केली आणि विद्यार्थिनीने मान सरळ केल्यावर म्हणाली, “मॅडम, असं केलं की दिसत नाही.” अंतराच्या गोंधळामुळे ही मुलगी सुटली होती, हे आता स्पष्ट झाले.

चष्मेवाला_धरमपेठ
मॅडम, तिच्या बाबतीत कारण अंतर नाही. १५ फुटांवर तुमची ओळ ६/१२ ची झाली होती आणि ६/२४ चा डोळा तीही वाचू शकत नाही. म्हणजे त्या दिवशी तिने डाव्या डोळ्याची ओळ उजव्याने वाचली. अंतरामुळे सुटलेली मुले वेगळी आणि झाकण्यामुळे सुटलेली वेगळी. पहिल्या प्रकारच्या मुलांची नजर थोडी कमी असते. दुसऱ्या प्रकारात एक डोळा खूप कमजोर असूनही कोणाच्या लक्षात येत नाही, कारण एक डोळा चांगला असला की मूल धावते, वाचते, चेंडू पकडते आणि तक्रार करत नाही. तिला दुसरा अनुभवच नाही, मग ती काय सांगणार?

आणखी एक सांगतो, ते वर्गशिक्षिकांना कदाचित आवडणार नाही. उजवा डोळा चांगला असल्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून तिला फळा दिसायला हवा. तेव्हा शेजारणीच्या वहीतून उतरवण्याचे कारण डावा डोळाच असेल असे धरू नका. ती कुठे बसते आणि तिथून फळ्यावर खिडकीचा उजेड चमकतो का, तेही पाहा.

शुश्रूषा_नागपूर
ती भिंतीकडच्या शेवटच्या बाकावर बसते आणि समोरच्या खिडकीमुळे दुपारी फळ्याचा डावा भाग खरोखरच पांढरा दिसतो. मी स्वतः तिथे बसून पाहिले. पण सर, वर्गशिक्षिकांचे म्हणणे असे की त्याच बाकावरची दुसरी मुलगी फळ्यावरूनच उतरवते. त्यामुळे यावर आमचे एकमत झालेले नाही. तिला मात्र नेत्रविभागात पाठवत आहोत. तिथे काय करतील हे आईला आधी सांगायला हवे, कारण तिला रोजंदारी बुडवून यावे लागणार आहे.

पीएचएन_अजनी
आईला सांगा की एकाच दिवसात चष्मा मिळेल असे धरून येऊ नका. लहान मुलांचे डोळे नंबर लपवतात, म्हणून औषध घालून बाहुली मोठी करतात आणि मगच यंत्राने नंबर काढतात. औषध ॲट्रोपिनचे असेल तर ते घरी काही दिवस घालून मग बोलावतात आणि त्यानंतरही बरेच दिवस जवळचे वाचताना धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. हे माहीत नसले की आई घाबरते आणि म्हणते, दवाखान्यात नेले आणि पोरीची नजर गेली. मी हे वाक्य ऐकलेले आहे. परीक्षेच्या आठवड्यात पाठवू नका आणि वर्गशिक्षिकांनाही सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. चिठ्ठी दप्तरात दिली की ती दप्तरातच राहते. ज्या मुलांना पाठवायचे आहे त्यांच्या पालकांशी शाळा सुटताना फाटकावर बोला, सगळ्यांना मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात एकाच दिवशी बोलवा आणि एक विद्यार्थिनी सोबत द्या. एकट्याने गेलेला पालक ओपीडीच्या रांगेतूनच परत येतो.

विदर्भ_वाचक
मला एक समजले नाही. काही कार्यक्रमांत ६/१२ हीच मर्यादा धरतात असे वाचले आहे. तसे असेल तर मॅडमची १५ फुटांची पहिली तपासणी चुकीची कशी? ती नकळत ६/१२ ची झाली, एवढेच. उलट ६/९ ठेवली तर बरी मुलेही रुग्णालयात जातील आणि आधीच लांब असलेली ओपीडीची रांग आणखी लांबेल.

चष्मेवाला_धरमपेठ
प्रश्न योग्य आहे आणि त्यावर आमच्या व्यवसायातही मतभेद आहेत. ६/१२ ठेवली तर अनावश्यक चिठ्ठ्या कमी होतात, ६/९ ठेवली तर सुरुवातीचा थोडा नंबरही हाती लागतो. पहिली-दुसरीची मुले अनेकदा लाजल्यामुळे किंवा कंटाळ्यामुळे ६/९ ला अडखळतात, म्हणून त्यांच्यासाठी मी स्वतः ६/१२ ठेवीन. पण मर्यादा कोणतीही ठेवा, नोंदवहीत तीच लिहिलेली असली पाहिजे. आज ६/९ लिहिले, प्रत्यक्षात ६/१२ तपासले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीने व्हरांड्यात २० फुटांवरून तपासले, तर शाळेतील नजर एका वर्षात बिघडली असा अहवाल जाईल.

आई_मनीषनगर
सॅनिटायझरची बाटली प्रत्येक वर्गात ठेवली तर हात धुण्याचा सगळा प्रश्नच मिटेल ना? पाण्याचीही बचत होईल.

पीएचएन_अजनी
ताई, मैदानातून आलेल्या मुलाच्या मातकट हातावर सॅनिटायझर टाकले की त्याचा चिखल होतो. मातीतून आलेली जंताची अंडी त्याने मरत नाहीत, ती साबण आणि पाण्याने चोळून वाहून जावी लागतात. शिवाय पहिलीच्या वर्गात अल्कोहोलची उघडी बाटली ठेवायला मी तरी तयार होणार नाही.

गुरुजी_कामठी
आता हात धुण्याबद्दल. मुलांना माहीत नाही म्हणून ती साबण वापरत नाहीत, असे मला वाटत नाही. ताईंच्या विद्यार्थिनींना त्यांनी सगळ्या पायऱ्या म्हणून दाखवल्याच असतील. आमच्याकडे अडचण नळांची होती. १२० मुले, चार नळ, म्हणजे एका नळावर ३० मुले. प्रत्येकाने ४० सेकंद नळ अडवला तर १,२०० सेकंद म्हणजे पूर्ण २० मिनिटे झाली, तोवर खिचडी थंड झाली आणि मधली सुट्टी संपली. मुले हिशेब न करताही हे जाणतात आणि बोटे भिजवून पळतात.

आम्ही चोळणे नळापासून वेगळे केले. मुलगा हात ओले करतो, साबण लावतो आणि बाजूच्या रांगेत उभा राहून वीसपर्यंत मोजत चोळतो, तोवर नळ दुसऱ्याला मोकळा असतो. नंतर परत येऊन धुतो. ओले करणे आणि धुणे मिळून एकाला दहा सेकंद नळ लागतो, म्हणजे तीस मुलांना पाच मिनिटे. प्रत्यक्षात सात-आठ होतात, कारण मुले मुलेच असतात. पाणीही कमी लागते.

सेवानिवृत्त_शिक्षक
आणि साबण टिकतो का? आमच्या शाळेत साबण कावळे नेत असत. नळाच्या कठड्यावर ठेवला की मधल्या सुट्टीआधीच गायब. मुख्याध्यापकांनी मुलांना धारेवर धरले, आणि शेवटी टाकीच्या छपरावर दात लागलेले तुकडे सापडले. म्हणजे चोचीच्या खुणा म्हणायला हवे.

गुरुजी_कामठी
कावळे अजूनही नेतात, सर. म्हणून साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाच्या पाइपला बांधतो. पिशवीतून पाणी निथळत असल्याने साबण विरघळतही नाही. दुसरा उपाय म्हणजे दीड लिटर पाण्याच्या बाटलीत ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून झाकणाला भोक पाडायचे. हे स्वस्त पडते, आणि बाटली कावळ्याच्या कामाची नाही. ज्या मुलांची त्वचा फाटलेली आहे किंवा हातावर खरूज आहे त्यांना मात्र वडीचाच साबण देतो.

शुश्रूषा_नागपूर
आमच्या शाळेत साबण कार्यालयाच्या कपाटात असतो, किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि आम्ही गेलो की तो बाहेर येतो. आता एक पद्धतीचा प्रश्न विचारते. मुले साबण वापरतात की नाही हे मोजायचे कसे? पांढरा कोट घातलेली विद्यार्थिनी नळाशी उभी राहिली की सगळेच आदर्श होतात. सोमवारी साबणाचे वजन करून शनिवारी पुन्हा करावे, असे मनात आहे.

पीएचएन_अजनी
वजन करा, पण त्या आकड्यावर विसंबू नका. आमच्याकडे साबण झपाट्याने संपत होता आणि आम्ही खूश होतो. नंतर कळले की जेवण झाल्यावर मुली त्याच साबणाने स्टीलची ताटे घासत होत्या. जेवणाआधीच्या हातांना तो लागतच नव्हता.

कोट काढून साध्या कपड्यांत, वह्या तपासण्याचे निमित्त करून नळ दिसेल अशा जागी बसा. शौचालयातून बाहेर आलेली मुले किती आणि त्यांपैकी साबण घेतलेली किती, एवढ्या दोनच रेघा कागदावर ओढा. जेवणाआधीची मोजणी वेगळी ठेवा, कारण जेवणाआधी शिक्षक रांग लावतात आणि शौचालयानंतर मूल एकटे असते. पहिल्या काही दिवसांच्या नोंदी सोडून द्या, तुमची सवय झाल्यावर मुले जशी वागतात तीच नोंद धरा.

विदर्भ_वाचक
साबणाचा खर्च कोण करतो? एक वडी स्वस्त असली तरी वर्षभराच्या वड्यांची पावती कोणत्या खात्यात दाखवायची, हे अजून कोणी लिहिले नाही.

गुरुजी_कामठी
शाळेच्या अनुदानातून करतो, पण ते उशिरा येते आणि विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात तेव्हा हाती काही नसते. तोवर शाळा व्यवस्थापन समितीतील एक पालक किराणा दुकानातून उधारीवर देतो. हे कायमचे उत्तर नाही हे मलाही मान्य आहे.

शुश्रूषा_नागपूर
नेत्रविभागातून निरोप आला आहे. औषध घालून तपासल्यावर त्या मुलीच्या डाव्या डोळ्याला अधिक साडेतीन नंबर निघाला, उजव्याला जवळपास काहीच नाही. चष्मा पूर्ण वेळ लावायला सांगितले असून काही आठवड्यांनी पाहून चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची का ते ठरवतील. ती आठ वर्षांची असल्यामुळे उशीर झाला का, असे आईने विचारले. आणि एक भीती आहे : चष्मा लावून तिला फारसा फरक जाणवत नाही, म्हणून ती तो काढून ठेवते.

चष्मेवाला_धरमपेठ
लवकर सापडला असता तर अधिक चांगले झाले असते, पण आठव्या वर्षीही सुधारणा होते, आशा सोडू नका. चष्मा लावल्याबरोबर फरक जाणवत नाही कारण उजवा डोळा आधीच सगळे काम करतो आहे आणि डाव्याकडून आलेले चित्र मेंदूने मनावर घेणे सोडून दिलेले आहे. ते पुन्हा शिकायला महिने लागतात. आईला हे सांगा, नाहीतर ती म्हणेल की चष्म्याचा उपयोग नाही. वर्गशिक्षिकांकडे नावांची एक यादी द्या आणि रोज हजेरीच्या वेळी चष्मा आहे की नाही एवढीच खूण करायला सांगा. कार्याध्यक्षांच्या हस्ते चष्मेवाटपाचा फोटो काढण्यापेक्षा ती यादी भिंतीवर असणे मला जास्त हवे आहे.

अशी डोळ्यातली तफावत पुढच्या वेळी शाळेतच थोडी आधी ओळखायची असेल, तर अधिक दोनचे भिंग जवळ ठेवा. ६/९ वाचणाऱ्या मुलासमोर ते धरल्यावर ओळ पुसट व्हायला हवी. तरीही स्पष्ट वाचली तर त्या डोळ्यात अधिकचा नंबर लपलेला असण्याचा संशय घ्यायचा. पहिलीच्या मुलांवर याला वेळ लागतो, हे खरे.

विदर्भ_वाचक
म्हणजे प्रत्येक मुलामागे आणखी दोन मिनिटे. मी पहिल्याच प्रतिसादात वेळेबद्दल लिहिले होते.

शुश्रूषा_नागपूर
चौथीचा वर्ग सोमवारी व्हरांड्यात घेत आहोत. नळाशेजारी एक विद्यार्थिनी साध्या कपड्यांत बसेल. पावसाची झड आली तर २० फूट कुठे मिळतील, हे मात्र अजून सापडलेले नाही.